हकीकत कोणी सांगितली?

कोर्टातून साक्ष द्यायचं बोलावणं आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी आपलं जुनं प्रमाणपत्र मागवून घेतलं. दोन वर्षांपूर्वीचं, त्यांच्याच हातचं. पहिल्याच ओळीशी त्या थांबल्या.

'हकीकत : पोत्यांच्या थप्पीवरून पडला असे सांगितले.'

कोणी सांगितलं? पुढे काहीच नव्हतं.

त्यांना तो दिवस आठवत होता. दुपारी अपघात विभागात एक हमाल आणला होता. चांगला आडदांड गडी, गोदामात सगळे त्याला पैलवानच म्हणायचे. जबडा सुजून भोपळ्यासारखा झालेला, तोंडातून रक्तमिश्रित लाळ गळत होती. सोबत गोदामाचा मॅनेजर होता आणि तोच सगळं बोलत होता. "मॅडम, थप्पीवरून घसरला. आम्ही लगेच उचलून आणला." पैलवानाने जोरजोरात मान हलवली होती. दुखतंय म्हणून हलवतोय असं बाईंना वाटलं. बाहेर पंधरा पेशंट ताटकळत होते. त्यांनी मॅनेजरचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं, पोलिसांना कळवलं आणि जखमा मोजायला घेतल्या.

जखमा मात्र त्यांनी नीट मोजल्या होत्या. पाठीवर तीन ठिकाणी लालभडक वळ होते. प्रत्येक वळ म्हणजे दोन समांतर रेषा आणि मधली दोन सेंटिमीटरची पट्टी फिकट. लांबी चौदा, सोळा, अकरा. रंगावरून ताजे. पुढे लिहिलं होतं : 'तोंड उघडता येत नाही, बोलता येत नाही.' एक्स-रे आल्यावर जबडा दोन जागी, त्यात एका जागी कानाजवळ, मोडल्याची नोंद झाली आणि हाड मोडलं म्हणून दुखापत गंभीर.

जबडा तारांनी बांधल्यावर तिसऱ्या दिवशी पैलवानाने पोलिसांना कागदावर लिहून दिलं : गोदामाच्या मुकादमाने लोखंडी पाइपाने मारलं. का? तर पाठीत लचक भरली म्हणून तो दोन मिनिटं टेकून बसला होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात पैलवानाची बायको बाईंना भेटली. ती घरोघरचे कपडे इस्त्री करायची, मनगटावर भाजल्याचे जुने चट्टे होते. तिने नमस्कार केला नाही.

"मॅडम, तुम्ही पडला म्हणून लिहिलंत?"

"मॅनेजरने सांगितलं ते लिहिलं."

"मग मॅनेजरने सांगितलं असं लिहायला शाई संपली होती का?"

बाईंना राग आला, आणि तो स्वतःचाच आला म्हणून गिळता येईना.

सरकारी वकिलांच्या हातात त्या दिवशी नऊ फायली होत्या. त्यांनी जखमा वाचून घेतल्या, सही ओळखायला लावली, अशा जखमा लोखंडी पाइपाने होऊ शकतात का विचारलं. बाई म्हणाल्या, "होऊ शकतात." ते बसले. संपलं. पाठीवरचे वळ तसेच का उमटतात, हे त्यांनी विचारलंच नाही.

मग बचावाचे वकील उठले. आवाज अगदी लोण्यासारखा.

"डॉक्टर, हकीकत पेशंटकडून घ्यायची असते ना?"

"हो. पेशंट सांगू शकत असेल तर."

"आणि ही तुम्ही पेशंट समोर असतानाच लिहिलीत. पडल्याची."

"मॅनेजर—"

"कागदावर मॅनेजर हा शब्द आहे?"

"नाही."

"मारहाण हा शब्द?"

"नाही."

"उंचावरून हनुवटीवर पडलं, तर कानाजवळ जबडा मोडतो?"

"मोडू शकतो. पण गालावर फटका—"

"हो की नाही एवढंच. मोडू शकतो. धन्यवाद. पोलिसांनी तो पाइप तुम्हाला दाखवला होता?"

"नाही."

"म्हणजे न पाहिलेल्या पाइपाबद्दल तुम्ही मत दिलंत."

आरोपीच्या पिंजऱ्यात मुकादम हात मागे बांधून उभा होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाडाबद्दल त्या खरं बोलल्या होत्या, खोटं बोलणं शक्यच नव्हतं. पण खरं बोलूनही आपल्या तोंडून खोटंच वदवून घेतलं जातंय, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून पैलवानाची बायको ताडकन उठली. "अहो साहेब, तोंड उघडत नव्हतं त्यांचं! मग सांगितलं कसं?"

"खाली बसा," न्यायाधीश कडाडले. "पुन्हा बोललात तर बाहेर काढीन."

ती बसली, पण सरकारी वकिलांनी फाईल उघडली. बहुधा पहिल्यांदाच प्रमाणपत्र खालपर्यंत वाचलं. मग उभे राहिले. "फेरतपासणी करायची आहे. उलटतपासणीत हकीकतीचा मुद्दा निघाला, तेवढ्यापुरतीच."

बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी परवानगी दिली.

"डॉक्टर, तुमच्या कागदावर पेशंटच्या बोलण्याबद्दल काय नोंद आहे?"

"तोंड उघडता येत नाही, बोलता येत नाही."

"ही नोंद केव्हाची?"

"त्याच तपासणीची. वेळ वर लिहिली आहे."

"मग पडल्याचं पेशंटने सांगितलं असेल का?"

"सांगणं शक्यच नव्हतं. माझ्याशी फक्त मॅनेजर बोलत होता. त्याचं नाव मी लिहिलं नाही, ती माझी चूक आहे."

न्यायाधीशांनी मान वर केली. मग स्वतःच विचारलं, "पाठीवरचे वळ पडून होतील?"

"नाही साहेब. दोन रेषा आणि मध्ये फिकट पट्टी, तेही तीनदा, हे काठी किंवा पाइपासारख्या लांबट वस्तूच्या फटक्याने होतं. फटका बसतो तिथलं रक्त बाजूंना सरकतं. सपाट जमिनीवर पडून अशी खूण उठत नाही."

आता मुकादमाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. पाठीच्या वळांवरून मारहाण सिद्ध झाली. जबड्याबाबत मात्र संशयाचा फायदा आरोपीला मिळाला : पडूनही मोडू शकतो असं डॉक्टरच म्हणतात, पाइप डॉक्टरांना दाखवला नाही, तक्रारही उशिराची. मुकादमाला साध्या दुखापतीची थोडी शिक्षा झाली आणि दुपारी तो जामिनावर बाहेर आला. मॅनेजरवर तर खटलाच नव्हता.

व्हरांड्यात पैलवान भिंतीला टेकून उभा होता. जबडा जुळला होता, पण वाकडा. तो शब्द दाताखाली धरून हळूहळू बोलला, "पाठ माझी आणि तोंड मात्र दुसऱ्याचं, असं झालं."

त्याची बायको बाईंकडे वळली. "आज खरं बोललात तुम्ही, ते ऐकलं मी. पण माझा राग गेलेला नाही."

"जाऊही नये," बाई म्हणाल्या. "वरच्या कोर्टात जायचं ना?"

"जायचंय. पण सरकारी वकील म्हणतात, बघू."

"बघू नाही. चला."

बाई पुढे झाल्या, ती दोघं मागोमाग. सरकारी वकिलांच्या खोलीत फायलींचा ढीग होता आणि ते चहा पीत होते. बाईंनी दारावर टकटक केली नाही. प्रमाणपत्राची प्रत टेबलावर आपटली, बोट 'बोलता येत नाही' या ओळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, आता हे वाचून अपिलाचा प्रस्ताव लिहा. आम्ही तिघं इथेच बसलोय."