चष्मा विसरणारा माणूस

चूक माझीच होती. आठ नंबरच्या खाटेवरचे घड्याळजी काका पडून खुबा मोडून आले, तेव्हा त्यांच्या मुलीला मी घाईघाईत विचारलं, "विसरतात का?" ती म्हणाली, "हल्ली चष्मा कुठे ठेवला ते विसरतात." मी केसपेपरवर लिहून मोकळा झालो: डिमेन्शिया. ऑपरेशननंतर रोज सकाळी आम्ही ज्युनियर डॉक्टर आदल्या दिवशीची नोंद उतरवून पुढे जायचो, म्हणून पाचव्या दिवसापर्यंत तो शब्द चार जणांच्या अक्षरात लिहिला गेला होता. चार सह्या म्हटल्यावर शंका कोण घेतो?

त्या दुपारी चार वाजता वृद्धाश्रमाची बाई फॉर्म घेऊन येणार होती. मुलगी एकटी, नोकरी करणारी. काका तिला आई म्हणत होते, चादरीचे दोरे उपटत होते, भिंतीवर मुंग्या बघत होते. "असं घरी कसं सांभाळू?" असं म्हणून ती रडली. मी समजूतदार चेहरा करून म्हणालो, "हा स्मृतिभ्रंश वाढतच जातो." आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मोठ्या सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत होत्या, त्या थांबल्या. निवृत्तीला सहा महिने उरलेल्या, आवाज असा की वॉर्डातले घोरणारेही सावध व्हावेत. आम्ही त्यांना घाबरायचो आणि मनातून त्यांच्यावर फिदा होतो.

"ताई, पडण्याच्या आदल्या दिवशी बाबा काय करत होते?"

"शेजाऱ्यांचं मनगटी घड्याळ उघडून बसले होते. मला म्हणाले, स्प्रिंग बदलावी लागेल."

"आणि नीट बसवलं?"

"चालतंय अजून."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, डिमेन्शिया असा चार दिवसांत येतो का हो? तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं सरकत येतो." त्यांनी आपली वही उघडली. "हे बघा. काल सकाळी सात वाजता माझ्याशी थट्टा केली. अकराला हाक मारली तर डोळे उघडेनात. संध्याकाळी पुन्हा ओळखलं. डिमेन्शियात माणूस विसरतो, पण सहसा जागा असतो, आणि दिवसाचे असे चढउतार सहसा इतके नसतात."

मग त्या काकांच्या कानाशी वाकल्या. "काका, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणा बघू."

"डिसेंबर... नोव्हेंबर..." काका खिडकीकडे बघत राहिले. "स्क्रू कुठे गेला?"

"लक्षच टिकत नाही. सुरुवातीच्या डिमेन्शियात उलटे महिने बहुतेक जमतात," सिस्टर म्हणाल्या. "हा डिलिरियम आहे, डॉक्टर, अचानक आलेला भ्रम. शरीरात काहीतरी बिघडलंय आणि मेंदू ओरडतोय. काय बिघडलंय ते शोधा."

मी औषधांचा कागद हातात घेतला. तिसऱ्या दिवशी काकांच्या अंगाला खाज सुटली म्हणून मीच झोप आणणारी ॲलर्जीची गोळी लिहिली होती. म्हाताऱ्या माणसाला ती गोंधळात पाडते आणि लघवीही अडवते. मी ओटीपोटावर हात ठेवला तर कलिंगडासारखं टणक लागलं. नळी घातल्यावर जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. गोळी बंद केली, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. काकांचं ऐकण्याचं यंत्र भरती झाल्यापासून कपाटातच होतं, ते काढून कानात घातलं, चष्मा डोळ्यांवर आला, दिवस-रात्र कळावी म्हणून खाट खिडकीकडे वळवली. एवढं सगळं करायला सिस्टरांनी कुणाला हुकूम सोडला नाही, चष्मा तर त्यांनी स्वतः पदराने पुसला.

चारला आश्रमाची बाई आली. मुलीने पेन उचललं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, सही आठवडाभर थांबवा. हे उतरायला दिवस लागतात, आणि आत्ता जे दिसतंय त्यावरून बाबांची खरी स्मरणशक्ती कळायची नाही. दोन महिन्यांनी मात्र तपासून घ्यायला आणा. आधीचं काही थोडं असेल तर तेव्हा कळेल." मुलीने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आपण पाच वर्षं पुस्तकं घोकली, आणि सिस्टर माणूस वाचतात.

तीन दिवसांनी काका उशीला टेकून बसले होते. मी महिने विचारले. ते जानेवारीपर्यंत न अडखळता आले आणि म्हणाले, "ते भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे, डॉक्टर. आणि माझी मुलगी कुठंय? दमली असेल पोर."

मुलगी दारातच उभी होती. तिने पिशवीतून फॉर्म काढला आणि चार तुकडे केले.

मी केसपेपर घेऊन 'डिमेन्शिया' या शब्दावर गिरगटायला लागलो. सिस्टरांनी हात धरला. "खरडून टाकू नका. एकच रेघ मारा, शेजारी तारीख आणि सही. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे."

मी एकच रेघ मारली. तो शब्द अजूनही स्पष्ट वाचता येतो, माझ्याच अक्षरात.