क्विंटलाला चौतीस ताटं

चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या एका खासगी ट्रक कंपनीच्या मेसचा ठेका केशरबाईंकडे होता. रोज दुपारी साठ माणसं जेवायची. भात, वरण, भाजी, दोन पोळ्या आणि कैरीच्या दिवसांत लोणचं. कामाला हाताखाली एकटी रिता. केशरबाई फोडणीला बसल्या की रितानं पोळ्यांचा डोंगर उभा करायचा, असा तीन वर्षांचा शिरस्ता.

ठेका झाला तेव्हाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. साल दोन हजार बावीस, जून महिना. ताटाचा दर साठ रुपये ठरला. मग दरवर्षी वाढ किती द्यायची, यावर बोलणं आलं. कंपनीनं सरळ पाच टक्के देऊ केले होते. दुसरी कुणी असती तर सही करून मोकळी झाली असती. पण केशरबाई सिहोऱ्याच्या धानकऱ्यांच्या घरातल्या. त्यांच्या वडिलांकडे सालदार ठेवायचा तर त्याची वर्षाची मजुरी रुपयांत नव्हे, धानात ठरायची. त्या ठासून म्हणाल्या, "टक्के मले समजत नाई. धान समजते. आज सरकारचा भाव दोन हजार चाळीस. साठ रुपयाच्या ताटानं एका क्विंटलात चौतीस ताटं होतात. धान कितीबी चढू द्या नाईतर उतरू द्या, क्विंटलाले चौतीस ताटं!"

कंपनीचे तेव्हाचे हिशेबनीस पुंडलिकराव स्वतः शेतकरी. त्यांना हे एकदम पटलं. त्यांनी करारात कलम घातलं : दरवर्षी एक जुलैला साधारण धानाचा त्या हंगामाचा जाहीर हमीभाव घ्यायचा, त्याला दोन हजार चाळीसनं भागायचं आणि साठनं गुणायचं. येईल तो दर.

पुढच्या वर्षी भाव दोन हजार एकशे त्र्याऐंशी झाला, ताट चौसष्ट रुपये एकवीस पैशांवर गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी भाव तेवीसशे, ताट सदुसष्ट रुपये पासष्ट पैसे. केशरबाई मोबाईलवर भावाला चौतीसनं भागायच्या, पुंडलिकराव कागदावर मांडायचे, आणि दोघांचं उत्तर पैशापैशाला जुळलं की चहा व्हायचा.

मग पुंडलिकराव निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत भुपेंद्र आला. पोरगा गुणी, बोलायला गोड, पण कॉम्प्युटरवर त्याची श्रद्धा जरा जास्तच. यंदाच्या जुलैत त्यानं केशरबाईंना एक पत्र दिलं. वर मोठ्या अक्षरांत 'दरवाढ मंजूर' आणि खाली नवा दर : एकसष्ट रुपये ऐंशी पैसे.

केशरबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. सदुसष्टवरून एकसष्टवर येण्याला वाढ म्हणणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्यांनी चुलीमागच्या पाटीवर खडूनं हिशेब मांडला. ताटामागं पावणेसहा रुपयांवर खोट. साठ ताटं, महिन्याचे सव्वीस दिवस. नऊ हजारांच्या वर! तेल, डाळ, सिलिंडर यांना तर कात्री लागत नाही. कात्री लागते ती माणसाला, आणि माणूस मेसमध्ये एकच होतं. रिता तिकडे गुणगुणत पोळ्या लाटत होती. तिचा नवरा अड्याळच्या बाजारात भाजी विकायचा आणि घर चालायचं ते तिच्या या सहा हजारांवर.

"काय झालं व मावशी? तोंड काहून उतरलं?" रितानं विचारलं.

"कायी नाई. तू लाट," असं म्हणून केशरबाईंनी पाटी पुसली. पण लपवालपवी त्यांना कधी जमलीच नाही. घटकाभरानं त्यांनीच सगळं सांगून टाकलं. रिताचं लाटणं थांबलं. ती एवढंच म्हणाली, "तुमी जाऊन तर पाहा. आधीच काहून हार मानता?"

जेवणं उरकल्यावर केशरबाई पदर खोचून ऑफिसात गेल्या. भुपेंद्रनं हसून खुर्ची दिली.

"बाई, आनंदाची बातमी दिली ना मी? तीन टक्के वाढ!"

"कशी काढली, ते सांगा बरं."

त्यानं स्क्रीन वळवली. "हे पाहा. मागच्या साली हमीभाव तेवीसशे, यंदा दोन हजार तीनशे एकोणसत्तर. वाढ तीन टक्के. करारातला मूळ दर साठ. साठवर तीन टक्के, एकसष्ट ऐंशी. शीट आपोआप काढते."

"मंग मी आतापर्यंत सदुसष्ट पासष्ट कशी घेऊन राहिली होती?"

"आधीच्या साहेबांनी चुकून जास्त दिले असतील," भुपेंद्र अगदी निष्पापपणे म्हणाला.

केशरबाईंचा पारा चढला. पुंडलिकरावांना चुकलेलं म्हणणं त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. पण त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, यंदाच्या भावाले तुमच्या एकसष्ट ऐंशीनं भागा बरं."

त्यानं भागलं. "अडतीस पॉइंट तीन."

"आता जुन्या दोन हजार चाळीसले साठनं भागा."

"चौतीस."

"तवा मी एका क्विंटलात चौतीस ताटं वाढत होती. आता अडतीस वाढू म्हणता? भाव चढला आन् माहं ताट सस्तं झालं? हे कोणत्या शाळेत शिकवतात जी?"

भुपेंद्रनं कपाटातून मूळ फाईल काढली आणि करारातलं कलम बोट ठेवून वाचलं. दोन ओळींतच त्याचे कान लाल झाले. टक्के त्यानं मागच्या वर्षापासून मोजले होते आणि लावले होते पहिल्या वर्षाच्या दराला. मधल्या दोन वर्षांची वाढ शीटनं गिळून टाकली होती.

"चुकलंच, बाई. साठ गुणिले तेवीसशे एकोणसत्तर भागिले दोन हजार चाळीस..." त्यानं बटणं दाबली. "एकोणसत्तर रुपये अडुसष्ट पैसे."

"माह्यातही तेच येते," केशरबाई मोबाईल दाखवत म्हणाल्या.

आता पोरगं हौसेनं आणखी आकडे काढू लागलं. "गंमत पाहा. या फाईलमध्ये आहे तसे तेव्हा कंपनीचे पाच टक्के घेतले असते ना, तर यंदा एकोणसत्तर सेहेचाळीस झाले असते. तुम्ही बावीस पैशांनी पुढं आहात!" आणि त्यानं दुरुस्त पत्र छापून, सही-शिक्का मारून तिथल्या तिथे हातात ठेवलं.

केशरबाई मेसवर आल्या त्या जवळजवळ नाचतच. "रिता! कायी जात नाई तू कुठं! एकोणसत्तर अडुसष्ट!" त्यांनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. साहेबाचे लाल कान तर दोनदा सांगितले. रिता पोट धरून हसली.

हसून झाल्यावर तिनं हात पुसले आणि साधेपणानं विचारलं, "मावशी, तुमी मले लावलं तवा धान दोन हजार चाळीस होतं?"

"हो ना."

"मंग माह्या सहा हजारात तवा तीन क्विंटलाले जरासं कमी धान येत होतं. आता अडीचच येते." ती म्हणाली. "माही मजुरीबी धानावर बांधा ना."

तीन वर्षं दर जुलैत केशरबाईंनी पैशापैशानं ताट चढवलं होतं आणि बाजूला बसून पोळ्या लाटणारीचे सहा हजार तिथेच होते. एकदाही मनात आलं नव्हतं. लाज वाटली, खरंच वाटली. नव्या साहेबाचे कान लाल झाले म्हणून हसणाऱ्या बाईचे कान आता कुणी पाहायला हवे होते.

"आन पाटी," त्या म्हणाल्या.

त्यांनी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं : रिता, महिन्याचे तीन क्विंटल. खाली गुणाकार केला, सात हजार एकशे सात. मग जरा खाकरून म्हणाल्या, "मागच्या दोन सालांचं दिवाळीपर्यंत थोडं थोडं देईन. चालते?"

"चालते," रिता म्हणाली. "पण मावशी, पाटीवरचं पुसलं जाते. कागदावर लिहा आन् सही करा."