बंद करून उघडलं की

तिसऱ्यांदा तक्रार परत आली तेव्हा काकूंनी चष्मा काढून डोळे चोळले. खाली तेच उत्तर होतं : ‘माझ्याकडे असं होत नाही. तक्रार बंद.’

काकू कॉम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत चाचणीचं काम करत. सकाळपासून दुपारपर्यंत गेम खेळायचा नि त्यातल्या चुका शोधायच्या. ऐकणाऱ्याला वाटे, काय सुख आहे! एकच दार चारशे वेळा उघडून बघावं लागतं, हे कोणी विचारत नसे.

सहा आठवडे त्या हाच गेम खेळत होत्या. त्यातल्या वाटसरूच्या पोतडीत एकशे बारा वस्तू जमल्या होत्या. वाटेत जमवलेल्या या वस्तूंशिवाय गेममधलं शेवटचं दार उघडत नसे. सोमवारी गेम साठवायची नवी पद्धत आली आणि मंगळवारी सकाळी बघतात तो काय, वाटसरू होता तिथेच, जीव तेवढाच, गुण तेवढेच. पोतडी मात्र धुऊन पुसून ठेवल्यासारखी. त्यांनी थोड्या वस्तू पुन्हा गोळा केल्या, बुधवारी त्याही गेल्या. गुरुवारीही तेच. आज शुक्रवार. संध्याकाळी गेम विक्रीसाठी बाहेर जाणार होता आणि काकूंचा करारही आजच संपत होता. खोट्या तक्रारी करणाऱ्या बाईला पुन्हा कोण ठेवणार?

त्या उठून मास्तरच्या टेबलाशी गेल्या. मास्तर म्हणजे नवी पद्धत लिहिणारा प्रोग्रॅमर. सगळ्यांना समजावत बसतो म्हणून हे नाव पडलेलं.

“काकू, पुन्हा पोतडी?” त्याने मान वर न करताच विचारलं. “हे बघा. कुऱ्हाड उचलली. साठवलं. परत आणलं. आहे की नाही कुऱ्हाड?”

कुऱ्हाड होती.

“चाळीस वेळा केलंय. तुमच्या मशीनला दृष्ट लागली असेल.”

“लागली असेल बाबा,” काकू हळूच म्हणाल्या. वाद घालायचं त्राण नव्हतं. “तुम्ही गेम बंद कधी करता?”

“बंद कशाला करू? उघडायला सहा मिनिटं लागतात. सकाळी चालू केला की घरी जाताना बंद.”

“मला दुपारी बंद करावाच लागतो. माझ्या खुर्चीत दुसरी मुलगी बसते.”

मास्तरचा हात माऊसवरच थांबला. त्याने गेम बंद केला, पुन्हा चालू केला. सहा मिनिटं गेली. पोतडी उघडली. रिकामी.

“अरे देवा,” तो म्हणाला.

मग साठवलेली फाइल उघडून त्याने बघितली. पोतडीच्या जागी ‘कुऱ्हाड’ असं कुठेच नव्हतं, नुसता एक लांबलचक आकडा होता.

“गेम चालू असताना प्रत्येक वस्तूला कॉम्प्युटर एक नंबर देतो,” मास्तर म्हणाला. “मी वस्तू न लिहिता तो नंबरच लिहून ठेवला. गेम बंद झाला की ते नंबर मेले. पुढच्या वेळी नवे.”

“दवाखान्यातल्या टोकनासारखं. कालचं टोकन आज दाखवून काय उपयोग?”

“तसंच. आणि त्या नंबराची वस्तू सापडली नाही तर गेम अडू नये, गुपचूप पुढे जावा, अशी ओळही मीच घालून ठेवलीय. म्हणून साधी चूकसुद्धा दिसली नाही.” त्याने कपाळ चोळलं. “आता प्रत्येक वस्तूला कायमचं नाव देतो. फाइलीत नाव आणि किती आहेत ते लिहायचं, उघडताना यादीत नाव शोधून वस्तू नव्याने तयार करायची.”

“आणि माझ्या एकशे बारा?”

तो खाली बघत म्हणाला, “जुन्या फाइलीवरच नवी लिहिली गेली, काकू. तिच्यात नुसते मेलेले नंबर. कुठला नंबर कशाचा होता, ते आता कोणीच सांगू शकत नाही.”

मोठ्या मॅडमना बोलावलं. कंपनी त्यांची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंतीवरच्या तारखेवर काट मारली आणि म्हणाल्या, “गेम आज जात नाही. काकू, तुमचा करार दोन महिने वाढवते. शेवटच्या दारापर्यंत तपासायला हवंच.”

“मी पोतडी आयती भरून देतो ना,” मास्तर घाईने म्हणाला. “एका आज्ञेचं काम.”

काकूंच्या मनात क्षणभर आलं, घ्यावी. मनगट ठणकत होतं.

“आयत्या पोतडीने दार उघडतं एवढंच कळेल,” त्या म्हणाल्या. “चालत आलेल्याला उघडतं का, ते चालल्याशिवाय कसं कळायचं?”

मास्तरने तिन्ही तक्रारी पुन्हा उघडल्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं : ‘खरी. चूक माझी.’

चार वाजता दुरुस्त केलेला गेम आला. घरी न जाता थांबलेल्या काकूंना दुसऱ्या मुलीने खुर्ची मोकळी करून दिली. काकूंनी पहिल्यापासून सुरुवात केली. वाटेत पडलेली एक काठी उचलली, साठवलं, गेम बंद केला. सहा मिनिटं डोळे मिटून बसल्या. उघडला, तर काठी पोतडीत होती.

“आहे हो,” त्यांनी पलीकडे मास्तरला सांगितलं, आणि कळ दाबून वाटसरूला चालायला लावलं.