कारणांसकट

मास्तरच्या चार ओळींत चूक काढायला कुठेच जागा नव्हती, आणि तेच तिला सोसेना.

तिच्या ऑफिससमोरच्या कँटीनमध्ये दोघं समोरासमोर बसली होती. त्याने बायोडेटाचा कागद टेबलावर तिच्याकडे सरकवला, मग चहाचे कप बाजूला घेतले, मग पुन्हा कागद सरळ केला. वरती नाव, त्याखाली फोन, आणि त्याखाली तो मजकूर, ज्याला तिच्या धंद्यात सगळे समरी म्हणतात. भरतीचं काम करणारी माणसं एवढंच वाचतात. पुढची दोन पानं उमेदवाराच्या आईसाठी असतात, असं ती नवीन आलेल्यांना गमतीने सांगायची.

'पदवीनंतर दोन वर्षं मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांचं काम. त्यानंतर चार वर्षं पूर्णवेळ सरकारी स्पर्धा परीक्षांची तयारी. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत. या काळात कायदा आणि मसुदालेखनाचा पाया पक्का झाला, अभ्यासिकेत गट शिकवले. तयारी आता थांबवली आहे. नियमपालन विभागात कायमचं काम हवं आहे.'

"बोल ना टाचणी. कसं वाटतंय?"

"इथे टाचणी म्हणू नकोस रे."

"बरं बाई. मॅडम म्हणतो." तो हसला. पुढचा दात अजून तसाच वाकडा होता.

अभ्यासिकेत सगळ्यांना टोपणनावं होती. हा सगळ्यांना शिकवायचा म्हणून मास्तर. ती बारीक आणि टोचून बोलणारी, म्हणून टाचणी. दोन वर्षं दोघं एकाच लांबलचक टेबलावर बसली होती. पंखा त्याच्या बाजूला होता. उन्हाळ्यात तो तिला जागा बदलून द्यायचा. तीही नापास झाली, तोही झाला. फरक एवढाच, की ती दोन वर्षं आधी उठली आणि उठताना स्वतःची चार वर्षं पुसून गेली.

तिच्या स्वतःच्या समरीत त्या चार वर्षांत ती काकांच्या दुकानात 'प्रशासन आणि हिशेब' बघत होती. काकांचं नळ-फरश्यांचं दुकान. त्यांनी अनुभवाच्या दाखल्यावर सही करताना एवढंच विचारलं होतं, "पोरी, पगार किती दाखवू?" त्या दाखल्यावर नोकरी लागली. नोकरीवर लग्न ठरलं. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून कॉलेज सुटल्यापासून कमावती आहे हो."

आणि मागच्याच वर्षी साहेबांनी हिशेब विभागातल्या एका मुलाला असल्याच दाखल्यापायी काढलं होतं. भर विभागात, त्याच्या टेबलापाशी उभं राहून. "परीक्षा दिल्या आणि नापास झालो, एवढं सांगायची ज्याला लाज वाटते, तो मला आकडे खरे सांगेल?" मुलगा ड्रॉवर रिकामा करत होता आणि साहेब त्याला शेजारी उभं राहून घाई करत होते. त्याच्या कार्यमुक्तीचं पत्र तिनेच टाइप केलं होतं.

आता मास्तर तिच्या मजल्यावर येणार. तिच्यापासून तिसऱ्या टेबलावर बसणार. डबा खाताना कुणीतरी विचारणार, तुमची ओळख कुठली? आणि हा भाबडा तोंडभरून सांगणार. अर्ज दाबून ठेवावा, तर तो कंपनीच्या पोर्टलवर जायचा आणि तिथे साहेबही बघायचे. या चार ओळी साहेबांनी वाचल्या, की पोरगा आत आला म्हणून समजा. नोकरीतला असा खंड पत्ता सांगावा तसा सांगायचा असतो: कुठे होतो, काय घेऊन आलो, आता कुठे जायचंय. का गेलो, हे कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नसतं. हे तिला पगार मिळायचा म्हणून ठाऊक होतं. त्याला न शिकवता जमलं होतं.

"कोरडं वाटतंय," ती म्हणाली.

"कोरडं?"

"यात माणूस दिसत नाही. चार वर्षं म्हणजे थोडी नाहीत मास्तर. एवढी का लागली ते नाही लिहिलंस, तर लपवतोयस असं वाटतं."

त्याने कागद आपल्याकडे फिरवून पुन्हा वाचला. "पण कारणं दिली तर सारवासारव केल्यासारखं नाही होणार? मला वाटलं, जेवढं घडलं तेवढं लिहावं."

"मी रोज ढिगाने बायोडेटा बघते रे."

"ते आहेच म्हणा." तो लगेच नरमला. समोरचा जाणकार आहे म्हटलं, की त्याचं असंच व्हायचं. "मग तूच सांग. मी लिहून घेतो."

तिने सांगितलं. अगदी सावकाश, त्याचं पेन मागे पडू नये अशा बेताने. पहिल्यांदा तिला वाटलं होतं, एखादं वाक्य घालू आणि थांबू. पण एकेक वाक्य पडत गेलं तशी तिची जीभ मोकळी झाली. दुसऱ्या वेळी अवघ्या दोन गुणांनी निवड हुकली. पुढची परीक्षा लांबणीवर पडली. त्यात वडिलांचं आजारपण आलं.

"बाबांचं कशाला?"

"खरं आहे ना?"

"खरं तर आहेच."

"मग लिही. आणि पुढे: 'तरीही हा काळ वाया गेलेला नाही, याची मी खात्री देतो.' तुझी वयात बसणारी एक संधी अजून शिल्लक आहे ना?"

"आहे, पण मी देणार नाहीये. पुस्तकंसुद्धा वाटून टाकली."

"असू दे. 'एक संधी शिल्लक असली तरी सध्या नोकरीला प्राधान्य देत आहे.' त्यातून चिकाटी दिसते. आणि ते 'तयारी थांबवली आहे' काढ. हरल्यासारखं वाटतं."

त्याने तेवढी ओळ खोडली. तीच ओळ त्याला नोकरी देणार होती. परीक्षेवाल्या पोराबद्दल मालकाला एकच धास्ती असते, की जाहिरात निघाली की हा पळणार.

"तू होतीस म्हणून बरं," मास्तर म्हणाला. चहाचे पैसे त्यानेच दिले.

आठवड्याभरात साहेबांनी त्याला बोलावलं. "कागदपत्रांचा अनुभव बरा आहे," ते तिला म्हणाले, "पण वर हे काय रडगाणं लावलंय? बोलवा, बघू."

मुलाखतीला ती साहेबांच्या शेजारी बसली, टिपणं घ्यायला. मास्तरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉलर जुनी होती, ती उलटून शिवली होती. साहेबांनी कामाचं एकही विचारलं नाही. माणूस स्वतःहून जे लिहितो त्याच्यावरच प्रश्न विचारावेत, हा त्यांचा नियम.

"दोन गुणांनी हुकलं म्हणता. मग ज्यांचं झालं, त्यांचं नशीब होतं का?"

"नाही सर, तसं नाही म्हणायचं मला. ते चांगलेच होते."

"मग दोन गुण कशाला सांगितले?"

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. ती लिहीत होती.

"म्हणजे, मी जवळ पोचलो होतो, एवढंच."

"जवळ. बरं. 'हा काळ वाया गेलेला नाही.' वाया गेला असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही सर."

"घरी म्हणतात?"

"वहिनी म्हणते कधीकधी." हे तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

साहेब हसले. हसताना त्यांनी तिच्याकडे बघितलं, म्हणून तीही हसली. "मग वहिनींना पाठवायचा की हा कागद. आम्हाला कशाला? आणि वडिलांना काय झालं होतं?"

"अर्धांगवायू."

"आता कसे आहेत?"

"गेले."

"अरेरे. पण मग यात त्यांचं नाव घालून गुण वाढतील असं वाटलं का तुम्हाला?"

मास्तर समजावून सांगू लागला. परीक्षा कशी लांबली, दवाखान्यात रात्रपाळी कुणाची असायची, दादाला सुटी कशी मिळत नव्हती. एक कारण दुसऱ्याला ओढून आणत होतं. त्याचं त्यालाच कळत होतं की आपण गाळात चाललोय, पण थांबावं कुठे ते सापडत नव्हतं. अभ्यासिकेत फळ्यापाशी उभा राहिला की हाच माणूस अवघडातला अवघड कायदा दोन वाक्यांत संपवायचा.

"आणि ही शिल्लक संधी," साहेब म्हणाले. "म्हणजे गाडी येईपर्यंत आमच्याकडे बसायचं, असंच ना?"

"नाही सर! मी ती देणारच नाही."

"तुम्हीच लिहिलंय." त्यांनी कागदावर बोट ठेवलं, मग तेच बोट तिच्याकडे वळवलं. "या मॅडम बघा. तुमच्याच वयाच्या असतील. कॉलेज सुटल्यापासून एक दिवस रिकाम्या बसलेल्या नाहीत. माणसाला करायचं असलं की कारणं लागत नाहीत."

तिचं पेन थांबलं. आता तो बोलणार. एक वाक्य पुरेसं होतं: सर, त्या माझ्याच टेबलावर बसायच्या. सासूबाईंचा चेहरा, काकांची सही, रिकामा होणारा तो ड्रॉवर, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं.

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. "हो सर," तो म्हणाला. "दिसतंच आहे."

तिने टिपणाच्या कागदावर लिहिलं: खंडाबद्दल बचावाचा सूर. नोकरीत टिकेल अशी खात्री वाटत नाही. शिफारस नाही.

त्याला लिफ्टपर्यंत सोडायला तिला जावं लागलं. ते कामच होतं.

"घाबरलीस ना मघाशी?" तो हळूच म्हणाला.

"कशाला?"

"काकांच्या दुकानाचं मला आधीपासून ठाऊक होतं गं. तुझं प्रोफाइल वाचूनच फोन केला होता. म्हटलं, सासरी वगैरे अडचण असेल. माझ्या तोंडून कधी निघालं नसतं. इथे लागलो असतो तरी ओळख दाखवली नसती."

ती लिफ्टच्या बंद दाराकडे बघत राहिली. म्हणजे भिण्याचं कारण नव्हतंच. तिने जे केलं ते उगाच केलं होतं.

"आता एक सांग," मास्तर म्हणाला. "दुसऱ्या एका कंपनीत जागा आहे. अर्जाचा आज शेवटचा दिवस. ते पहिलं, चार ओळींचंच पाठवू का? मला आत बसल्या बसल्या वाटलं, या कारणांनीच घोटाळा झाला."

त्याच्या हातात मोबाईल होता. दोन्ही मजकूर त्याने जपून ठेवले होते.

'पहिलंच पाठव' एवढं म्हणायचं होतं. पण मास्तर मूर्ख नव्हता. तो लगेच विचारणार, मग त्या दिवशी तू का बदललंस? आणि ज्या डोळ्यांनी त्याने आत तिला वाचवलं, त्याच डोळ्यांनी तो तिच्याकडे बघणार. त्या नजरेला तोंड देण्यापेक्षा त्याची नोकरी जाणं तिला सोपं वाटलं.

"नको रे," ती म्हणाली. "मजकूर चांगला आहे. आमचे साहेबच तिरसट आहेत. सगळ्यांना असंच सोलतात."

"खरं?"

"खरं. उलट वडिलांबद्दल अजून एखादी ओळ घाल. दुसरीकडे माणसं असतात."

त्याचा चेहरा उजळला. भिंतीला टेकून, उभ्याउभ्याच त्याने ती ओळ लिहिली आणि तिला वाचून दाखवली. एक शब्द तिने बदलून दिला. मग लिफ्ट आली, तरी आत न जाता त्याने अर्ज तिच्यासमोरच पाठवून टाकला.

"गेला," तो म्हणाला. "टाचणी, तुझे उपकार कसे फेडू गं?"