बकुळीचे तीन तास

टिटवाळ्याच्या सोसायटीत बकुळीची वीस रोपं माना टाकून उभी होती. ती पंधरा दिवसांत सावरली नाहीत, तर तिथे पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करायचं, असा ठराव कमिटीत झाला होता. रोपं उत्तराताईंनी लावलेली. त्या आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवत आल्या होत्या आणि ठरावांना घाबरायची त्यांची सवय सुटली होती.

"ठिबक रोज पंधरा मिनिटं चालतंय की," चेअरमन सुधीरराव म्हणाले. "थेंब थेंब पडतं म्हणून त्याला ठिबक म्हणतात ताई. तास-तास सोडलं तर त्याला धबधबा म्हणतात."

उत्तराताईंनी नर्सरीवाल्याला विचारलं. उन्हाळ्यात एका रोपाला दिवसाला बारा लिटर. रोपाशी दोन ड्रिपर, प्रत्येकाच्या पाकिटावर 'ताशी चार लिटर'. म्हणजे तासाला आठ, बारा लिटरला दीड तास. पंधरा मिनिटांत रोपाला जेमतेम दोन लिटर! त्यांनी दीड तास ठिबक चालवलं. आठवडा गेला, माना होत्या तिथेच.

"बघा," सुधीरराव खुशीत म्हणाले. "हिशेब पुस्तकात, झाड जमिनीत."

"पाकिटावर लिहिलेलं पाणी झाड पीत नाही हो," म्हणत ताई किचनमधला मापाचा कप घेऊन खाली बसल्या. ओळीतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली त्यांनी आळीपाळीनं सहा-सहा मिनिटं कप धरला. चारशे मिली यायला हवं होतं. प्रत्येक वेळी दोनशेच्या आसपास. म्हणजे ताशी दोनच लिटर. रोपाला तासाला चार. दीड तासात सहा, निम्मंच.

ताई पाइपाचा माग काढत वर टाकीपर्यंत गेल्या. बागेचा व्हॉल्व्ह अर्धा बंद.

"तो बचतीसाठी," सुधीरराव मान ताठ करून म्हणाले. "वेळही कमी, धारही कमी. दोन्हीकडून बचत."

"पूर्ण उघडा."

"सर्वसाधारण सभेचा ठराव आहे. पुढची सभा सप्टेंबरात."

"आणि किती वेळ चालवायचं, याचा ठराव?"

सुधीररावांनी खूप आठवून पाहिलं. "तसा... नाही."

"मग बारा भागिले चार. तीन तास."

"तीन तास! अहो, टाकी रिकामी होईल!"

"टाकीला काय कळतंय वेळ? झाडाला बारा लिटरच जातात. धार निम्मी, वेळ दुप्पट."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला ताई ठिबक सुरू करून रोपांपाशी खुर्ची टाकून बसू लागल्या आणि नऊला ते बंद करून उठू लागल्या. 'धबधबा चालू' असं सुधीरराव रोज ग्रुपवर टाकत. ताई मधूनमधून ड्रिपरखाली कप धरून मोजत.

मुदतीच्या पंधराव्या दिवशी कमिटी खाली जमली. पानं ताठ उभी होती. एका रोपावर तर तांबूस पालवी फुटली होती. सुधीररावांनी ती बोटानं हलवून खरी आहे का पाहिलं.

"पार्किंगचं काय?" कुणीतरी विचारलं.

"झाडांच्या सावलीत गाड्या गार राहतील," सुधीरराव गंभीरपणे म्हणाले. "हे मी आधीपासून म्हणत होतो."

ताईंनी खुर्ची उचलली. "हो का? मग उद्या सहाला तुम्हीच या. माझी कंबर धरलीय."