चौथीतला क्ष

जाहिदा लातूरला दहावीच्या पोरांना गणित शिकवायची. चाकूरला तिचा भाऊ खाजामियाँ टेलर होता. त्याने मोबाइलवर आपल्या मुलीचं, सादियाचं, गणित पाठवलं: दोन संख्यांची बेरीज चाळीस, फरक आठ, तर संख्या कोणत्या? जाहिदाने सवयीने क्ष आणि य धरले, दोन समीकरणं मिळवली आणि सगळ्या पायऱ्यांसकट उत्तर धाडलं: चोवीस, सोळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ फोनवर कडाडला. "सादिया रडून राहिली! तू धाडलेलं तिनं वहीत उतरवलं अन् सरांनी विचारलं, क्ष काय हाय? तिला काय सांगता येणार? भरवर्गात कॉपी केली म्हणाले."

"भाईजान, ती कितवीत हाय?"

"चौथीत."

जाहिदाचं डोकंच फिरलं. "मग इयत्ता लिहायला हात झिजले असते का? समीकरणं तिला अजून शिकवलीच न्हाईत!"

"अन् तू विचारलंस का? गणिताची बाई तू का मी?"

हे खरं होतं, म्हणून तर ती जास्तच तापली. "फोन सादियाला द्या."

पलीकडून हुंदका आला.

"अब्बांच्या डब्यातली चाळीस बटणं घे. आठ बाजूला ठेव. उरलेल्यांचे दोन सारखे ढीग कर."

"सोळा-सोळा, फुप्पी."

"आता ती आठ एका ढिगात टाक."

"चोवीस!" पोरगी ओरडली.

"उद्या सरांना हेच करून दाखव. अन् त्यांचा नंबर दे मला. चूक माझी होती, तुला कॉपीबहाद्दर का म्हणाले ते विचारते."

नंबर मिळताच तिने लावला.