पाच जणांची माती

बागेतल्या बाकासमोरचा सदाफुलीचा वाफा भेगाळला होता. कोणीतरी त्याचा फोटो काढून तक्रारीसोबत उद्यान विभागाकडे पाठवला आणि तिथून माळीकाकांच्या आयुष्याचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली. वाफा म्हणजे जेमतेम दोन खाटांएवढा तुकडा. पण फोटो मोठा करून साहेबांच्या टेबलामागे लावल्यावर त्या भेगा एखाद्या खंडाच्या नकाशासारख्या दिसू लागल्या, आणि साहेबांना नकाशे फार आवडत.

साहेबांनी फोटो पाहूनच निदान केलं. माती तहानलेली आहे. रोज पाणी घाला, आणि घातल्याचा पुरावा म्हणून लगेच त्याच जागेवरून फोटो काढा. पुराव्यात कसर राहू नये म्हणून माणसंही नेमली: फोटो काढायला फोटोबाबू, भेगेशेजारी मोजपट्टी धरायला शिपाई, तारखेची पाटी धरायला कारकून, साक्षीदार म्हणून मुकादम, आणि हातात पाण्याचा पाइप धरून खुद्द माळीकाका. महिन्याभरात भेगा गेल्या नाहीत, तर काकांची बदली मुख्य कार्यालयात. तिथे दोनशे प्लॅस्टिकची झाडं होती आणि ती पुसायला माणूस मिळत नव्हता.

काकांची पाचावर धारण बसली. बावीस वर्षं त्यांनी जिवंत झाडांत काढली होती. प्लॅस्टिकच्या पानावरची धूळ पुसत निवृत्त व्हायचं, या विचारानेच त्यांना जेवण जाईना. पण साहेबांपुढे बोलायची सवय नव्हती. बावीस वर्षांत ते वरिष्ठांना फक्त दोनच शब्द बोलले होते: "हो, साहेब."

तर रोज सकाळी पाणी पडायचं आणि पाचही जण पटापट वाफ्यात उतरून आपापल्या जागी उभे राहायचे. जागा चुकू नये म्हणून कारकुनाने विटकरीचे तुकडे रोवून पावलांच्या खुणाही करून ठेवल्या होत्या. पंधरा दिवसांत भेगांत बोट जाऊ लागलं. साहेब म्हणाले, पाणी वाढवा, आणि फोटो दिवसातून दोनदा काढा. वाळू टाकून पाहू, असंही त्यांनी सुचवलं. चिकणमातीत मूठभर वाळू म्हणजे विटा पाडायचा बेत, हे काकांना ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "हो, साहेब." नशिबाने वाळूच्या मागणीचा कागद कुठल्यातरी टेबलावर अडकला.

विसाव्या दिवशी संध्याकाळी काकांनी सगळे फोटो घरी नेले आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ओळीने मांडले. सूनबाई शिवणकाम करायची. कापडातला एक टाका चुकला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. काका फक्त भेगा बघत होते; तिने भेगा सोडून बाकी सगळं बघितलं.

"बाबा, माती कुठली, ती कशी, ते मला कळत नाही," ती म्हणाली. "पण प्रत्येक फोटोत ती ओली आहे आणि प्रत्येक फोटोत तिच्यावर चार माणसं उभी आहेत, शिवाय पाचव्याची, फोटो काढणाऱ्याची, सावली. या चपला तर तुमच्याच ना?"

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. चपला त्यांच्याच होत्या. डाव्या अंगठ्याला तिनेच घातलेला टाका दिसत होता. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं माती हाताळलेला माणूस, आणि रोज इमानेइतबारे ओल्या चिकणमातीवर उभा राहून ती तुडवत होता, तेही हातात पाइप धरून.

सकाळी कोणी यायच्या आत त्यांनी हातभर लोखंडी सळई घेतली. वाफ्यात ती दोन बोटं गेली आणि थांबली. मग ते पेरूच्या झाडाखाली गेले, जिथे गळलेली पानं कोणी झाडत नसे आणि कोणी पाऊलही टाकत नसे. तिथे सळई वीतभर सहज शिरली. माती तीच, चिकणीच. फरक होता तो पानांच्या पांघरुणाचा आणि पायांचा. वाफा रोज झाडून उघडा ठेवायचा, असा नियम होता. उघडी माती उन्हात भराभर वाळते. चिकणमाती वाळली की आकसते आणि आकसली की फाटते. त्यात पायांनी दाबून तिच्यातल्या बारीक पोकळ्या बुजल्या, की पाणी आत मुरत नाही, वरच्यावर साचून उडून जातं. म्हणजे पाणी घालत होते ते मातीला नव्हे, उन्हाला.

उपाय माहीत होता, पण पाच जणांना वाफ्याबाहेर काढणार कोण? सुदैवाने तीन दिवसांची जोडून सुट्टी आली. सुट्टीत पुरावा लागत नसे.

पहिल्या दिवशी काकांनी पाइपची धार अगदी बारीक सोडली, थोडी मुरली की पुन्हा थोडी, अशी तासन्‌तास. दुसऱ्या दिवशी काहीच केलं नाही, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत काहीच न करणं त्यांना कधी एवढं अवघड गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मातीचा लाडू वळून पाहिला, तर तो बोटांना चिकटला. थांबले. दुपारी पुन्हा वळला आणि अंगठ्याने टोचला, तर तो भुगा होऊन सुटला. आता ठीक. त्यांनी वाफ्यावर रुंद फळी टाकली, म्हणजे वजन एका जागी पडणार नाही. फळीवर उभं राहून, रोपांची मुळं सांभाळून, लांब दात्यांचं खोरं मातीत उभं रोवलं आणि दांडा मागे ओढून ढेकळं नुसती हलवली. माती उलटीपालटी केली नाही. वीतभर मागे सरकून पुन्हा तेच. मग दोन बोटं जाडीचं मुरलेलं शेणखत पसरून वरच्या थरात कालवलं, आणि त्यावर पेरूखालच्या पानांचं पांघरूण, रोपांच्या बुंध्याला चिकटणार नाही असं. सगळं झाल्यावर ते बाकावर बसले आणि त्यांना चक्क रडू आलं.

सुट्टी संपली. सकाळी पाच जणांऐवजी सहा आले. महिना भरत आल्यामुळे साहेब स्वतः पाहणीला आले होते. बदलीचा कागद मुकादमाच्या हातात तयार होता. फोटोबाबूने विटकरीच्या खुणा शोधल्या, त्या पानांखाली गेल्या होत्या. तो कुरकुरला. साहेबांनी चकचकीत बूट उचलला आणि वाफ्यावर नेला.

"साहेब, पाय मागे घ्या."

कोण बोललं ते पाहायला सगळे वळले. माळीकाकाही वळले. मग आपणच बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं, तरी ते तिथेच उभे राहिले.

बूट हवेतच थांबला. साहेबांनी विचारलं, पाय नाही ठेवायचा तर पाहणी करायची कशी? काकांनी सळई पुढे केली. साहेबांनी बाहेरून वाकून ती टोचली. सळई वीतभर आत शिरली. साहेबांनी ती काढली, दुसरीकडे टोचली, तिसरीकडे टोचली. बघता बघता त्यांचा चेहरा खुलला. पाऊण तास ते टोचत होते आणि कोणालाही सळईला हात लावू देत नव्हते.

बदलीचा कागद तिथल्या तिथे फाडला गेला. दुपारी अहवाल निघाला: माती सुधारली आहे, कारण, नियमित फोटो. सबब, शहरातल्या एकोणीसही बागांत रोज दोनदा, पाच जणांनी वाफ्यात उभं राहून फोटो काढावेत.

सहीसाठी कागद माळीकाकांसमोर आला. त्यांनी तो दोनदा वाचला. आता गप्प बसायची सवय मोडली होती आणि ती पुन्हा लावून घ्यायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी पेन मागून घेतलं, "वाफ्यात" या शब्दावर रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: वाफ्याबाहेर. मग तो कागद घेऊन ते स्वतःच साहेबांच्या खोलीकडे निघाले.